अंदाजातली चूक मोजून सेफ्टी स्टॉक कसा ठरवावा: झुकाव आधी, टक्केवारी नंतर

सेफ्टी स्टॉक, म्हणजे अंदाज चुकला तरी माल संपू नये म्हणून ठेवायचा राखीव साठा, काढण्याचे सूत्र बहुतेकांच्या एक्सेलमध्ये असते आणि ते बरोबरही असते. तरी माल संपतो. कारण सूत्रात घातलेला अंदाजातल्या चुकीचा आकडा दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ असतो: अंदाज सतत एकाच बाजूला कलणे, म्हणजे झुकाव किंवा बायस, आणि अंदाजाच्या दोन्ही बाजूंना होणारी चढउतार. सेफ्टी स्टॉक फक्त चढउतारीसाठी असतो. झुकाव अंदाजातच दुरुस्त करायचा असतो. हा क्रम उलटला की काय होते, ते एका उदाहरणावर पाहू.

उदाहरण असे: म्हापशातला एक घाऊक विक्रेता कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांना आणि खानावळींना १५ किलोचे खाद्यतेलाचे डबे पुरवतो. माल घाटापलीकडून ट्रकने येतो. ऑर्डर दर सोमवारी जाते आणि दिल्यापासून दोन आठवड्यांनी गोदामात उतरते. आकडे नमुन्यादाखल आहेत, चतुर्थीची गडबड सरल्यानंतरच्या बारा आठवड्यांचे, म्हणजे हंगाम हळूहळू चढत असतानाचे.

## टप्पा १: नोंदी तयार करा

पुष्कळ चुका इथेच होतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

मागणी लिहा, विक्री नव्हे. हॉटेलने ६० डबे मागितले आणि तुमच्याकडे ३५ होते, तर बिल ३५ चे निघते. बिलांवरून मागणी काढली तर त्या आठवड्याचा अंदाज अगदी अचूक होता असे दिसेल, प्रत्यक्षात तो २५ डब्यांनी कमी पडलेला असतो. अशा नोंदींवरून काढलेला सेफ्टी स्टॉक दरवेळी कमीच निघतो, आणि माल जितका जास्त वेळा संपेल तितका तो आणखी कमी निघतो. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेली मूळ मागणी एका वहीत लिहायला सांगा. न दिलेला माल ग्राहकाने पुढच्या आठवड्यात पुन्हा मागितला, तर तो दोनदा मोजू नका.

अंदाज गोठवून ठेवा. ऑर्डर देताना ज्या आकड्यावर विसंबलात तोच अंदाज चूक मोजताना वापरायचा. आठवडा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सुधारलेला अंदाज साहजिकच जास्त अचूक असतो, पण त्या वेळी ट्रक कधीच निघालेला असतो. दर सोमवारी पुढच्या तीन आठवड्यांचा अंदाज तारखेसह वेगळ्या पानावर उतरवा आणि नंतर त्याला हात लावू नका.

एकदाच येणारी मागणी बाजूला काढा. लग्नाची मोठी ऑर्डर, जत्रेतला भंडारा, एखाद्या रिसॉर्टचे उद्घाटन या गोष्टी आधी कळलेल्या असतात. त्यांचा माल स्वतंत्र मागवा आणि हे डबे चूक मोजण्याच्या हिशेबात घेऊ नका. महिनाअखेरीस स्कीम देऊन ढकललेला मालही असाच: ती ग्राहकाची गरज नसते, पुढच्या आठवड्याची मागणी अलीकडे ओढलेली असते.

> तपासा: अंदाज ‘गेल्या वर्षीचा हाच आठवडा’ पाहून काढत असाल तर सण सरकलेत का ते पाहा. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. नेवऱ्या तळायचे तेल त्याबरोबर अलीकडे सरकते. तारखेला तारीख लावली तर एका आठवड्यात मोठी अधिक चूक आणि दुसऱ्यात मोठी उणे चूक दिसेल, आणि दोन्ही खोट्या असतील.

## टप्पा २: चूक चिन्हासह काढा

या लेखात चूक म्हणजे मागणी वजा अंदाज. अधिक चिन्ह म्हणजे आपण कमी धरले होते, उणे चिन्ह म्हणजे जास्त. काही सॉफ्टवेअरमध्ये वजाबाकी उलटी असते. तिथे चिन्ह न बघता दुरुस्ती केली तर झुकाव दुप्पट होतो. आधी एका आठवड्याचा आकडा हाताने ताडून पाहा.

| आठवडा | अंदाज | मागणी | चूक |
|---|---|---|---|
| १ | ४०० | ४७० | +७० |
| २ | ४०० | ४३० | +३० |
| ३ | ४२० | ५१० | +९० |
| ४ | ४२० | ४०० | −२० |
| ५ | ४५० | ४४० | −१० |
| ६ | ४५० | ५३० | +८० |
| ७ | ४५० | ४७० | +२० |
| ८ | ४८० | ४६० | −२० |
| ९ | ४८० | ५२० | +४० |
| १० | ५०० | ५९० | +९० |
| ११ | ५०० | ५८० | +८० |
| १२ | ५०० | ५३० | +३० |
| एकूण | ५४५० | ५९३० | +४८० |

बारा आठवडे ही किमान मर्यादा समजा. त्याहून कमी नोंदींवर काढलेला प्रमाण विचलनाचा, म्हणजे चुका त्यांच्या सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याचा, आकडा एका वाईट आठवड्याने इकडचा तिकडे होतो.

## टप्पा ३: झुकाव मोजा

चिन्हासह सर्व चुकांची बेरीज ४८०, भागिले १२, म्हणजे झुकाव आठवड्याला +४० डबे. आपण दर आठवड्याला सरासरी ४० डबे कमी धरतो आहोत.

हा योगायोग आहे की सवय, हे ओळखायला ट्रॅकिंग सिग्नल काढतात. चिन्ह सोडून घेतलेल्या चुकांची बेरीज ५८०, तिची सरासरी ४८.३. ट्रॅकिंग सिग्नल म्हणजे ४८० भागिले ४८.३, जवळपास ९.९. हा आकडा उणे ४ ते अधिक ४ यांच्या दरम्यान असेल तर अंदाज सरळ आहे असे धरायची व्यवहारातली पद्धत आहे. ९.९ म्हणजे शंकेला जागाच नाही.

आता कारण शोधा, कारण दुरुस्ती किती काळ टिकेल हे त्यावर ठरते. इथे अंदाज मागच्या काही आठवड्यांच्या सरासरीवर काढलेला आहे. मागणी चढत असताना अशी सरासरी नेहमी मागे राहते. हाच अंदाज पावसाळ्याच्या तोंडावर मागणी उतरू लागली की उलट बाजूला झुकेल आणि गोदामात डबे साचतील. म्हणून +४० ही कायमची भर नव्हे. ती हंगाम चढत असेपर्यंतच खरी आहे.

> सावधान: झुकाव शून्याच्या जवळ आला म्हणजे अंदाज अचूक झाला असे नाही. एका आठवड्यात +१०० आणि दुसऱ्यात −१०० असले तरी बेरीज शून्यच येते.

## टप्पा ४: टक्केवारी चूक काढा, पण ती कशासाठी हे ओळखून

सरासरी टक्केवारी चूक, जिला सगळे ‘मेप’ म्हणतात, ती अशी निघते: प्रत्येक आठवड्याची चिन्ह सोडलेली चूक त्या आठवड्याच्या मागणीने भागायची, टक्के करायचे आणि सरासरी घ्यायची. आपल्या तक्त्यात ती ९.४ टक्के येते. ऐकायला चांगली वाटते, आणि धोका तिथेच आहे. झुकाव +४० असो वा −४० असो, मेप साधारण तेवढीच दिसू शकते. चूक कोणत्या बाजूची हे ती सांगतच नाही.

तिची दुसरी खोड जास्त नुकसान करते. ५०० ची मागणी आली आणि तुम्ही ४०० धरले होते, तर चूक २० टक्के. ४०० ची मागणी आली आणि ५०० धरले होते, तर चूक २५ टक्के. दोन्हीकडे फरक १०० डब्यांचाच, पण जास्त धरणाऱ्याला शिक्षा मोठी. कमी धरल्यावर मेप १०० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, जास्त धरल्यावर तिला मर्यादा नाही. त्यामुळे ज्या कंपनीत अंदाज करणाऱ्याचे काम फक्त मेपवर तोलले जाते, तिथे अंदाज नकळत खाली घसरतो आणि माल संपू लागतो.

तिसरी अडचण कमी खपाच्या वस्तूंची. जुलैत एखाद्या मालाची आठवड्याची मागणी ४ डबे असेल आणि तुम्ही ८ धरले असतील, तर चूक १०० टक्के. चार डब्यांनी गोदामाला काहीच फरक पडत नाही, पण सरासरीचा विचका होतो. मागणी शून्य असेल तर भागाकारच होत नाही. अशा वेळी भारित टक्केवारी घ्या: चिन्ह सोडलेल्या सर्व चुकांची बेरीज भागिले एकूण मागणी. इथे ५८० भागिले ५९३०, म्हणजे ९.८ टक्के.

मेपचा खरा उपयोग वेगवेगळ्या वस्तूंची किंवा शाखांची तुलना करताना होतो. सेफ्टी स्टॉकच्या सूत्रात ती थेट टाकू नका.

## टप्पा ५: आधी अंदाज दुरुस्त करा

हा टप्पा वगळला जातो, म्हणून तो वगळल्यास काय होते ते आधी पाहू.

ऑर्डर दर आठवड्याला आणि माल यायला दोन आठवडे, म्हणजे आज दिलेल्या ऑर्डरने तीन आठवडे निभवायचे आहेत. फक्त लीड टाइमचे दोन आठवडे धरणे ही नेहमीची चूक आहे. पुढची ऑर्डर आठवड्याने जाणार, हे त्यात सुटते.

चुकांचे प्रमाण विचलन ४२ डबे येते. ९५ टक्के सेवा पातळीसाठी, म्हणजे शंभरातल्या ९५ फेऱ्यांत माल संपू नये यासाठी, गुणक १.६४५, तीन आठवड्यांचे वर्गमूळ १.७३२. तिघांचा गुणाकार सुमारे १२० डबे. सूत्र बरोबर, आकडा बरोबर. पण अंदाज न सुधारता हेच १२० डबे ठेवले तर? आठवड्याला ४० चा झुकाव, तीन आठवड्यांत १२० डबे. सेफ्टी स्टॉक संपूर्णपणे झुकावच खाऊन टाकतो. चढउतारीसाठी काहीच उरत नाही आणि जवळपास दर दोन फेऱ्यांत एकदा माल संपतो. कागदावर ९५ टक्के, प्रत्यक्षात ५०.

‘मग प्रमाण विचलनाऐवजी चुकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ घेऊ, त्यात झुकावही येतो’ असा सल्ला वारंवार दिला जातो. तसे केले तर ४२ च्या जागी ५६.७ येतात आणि सेफ्टी स्टॉक सुमारे १६२ होतो. त्यातले १२० झुकावात गेल्यावर उरतात ४२, आणि सेवा पातळी ७२ टक्क्यांच्या आसपास अडते. चढउतार काळाच्या वर्गमुळाने वाढते, कारण अधिक-उणे चुका एकमेकींना अंशतः खोडतात. झुकाव मात्र आठवड्यांच्या संख्येने सरळ गुणला जातो, कारण तो एकाच दिशेचा असतो. दोघांना एका वर्गमुळात कोंबले की झुकाव नेहमी कमी मोजला जातो. लीड टाइम जितका लांब, तितकी ही फसगत मोठी.

म्हणून दुरुस्ती अंदाजात करा. दोन मार्ग आहेत. प्रत्येक आठवड्यात ४० डबे मिळवा, किंवा अंदाजाला ५९३० भागिले ५४५० म्हणजे १.०८८ ने गुणा. मागणीची पातळी फार बदलणार नसेल तर बेरीज पुरते. पातळी झपाट्याने वर जात असेल तर गुणाकार बरा, कारण मोठ्या अंदाजातली तूटही मोठी असते. सर्वांत उत्तम म्हणजे अंदाजाची पद्धतच बदलून त्यात चढ धरणे. मग या पट्टीची गरज उरत नाही.

> सावधान: अंदाज दुरुस्त केल्यावर सेफ्टी स्टॉकमध्ये १६२ ठेवू नका. झुकाव दोनदा मोजला जाईल आणि ४२ डबे विनाकारण पडून राहतील.

## टप्पा ६: सेफ्टी स्टॉक आणि ऑर्डर काढा

एक्सेलमध्ये ब स्तंभात, म्हणजे `B` मध्ये अंदाज आणि `C` मध्ये मागणी ठेवा, दुसऱ्या ओळीपासून तेराव्यापर्यंत.

```
D2   =C2-B2
E2   =ABS(D2)
F2   =IF(C2=0,"",E2/C2)
H2   =AVERAGE(D2:D13)
H3   =SUM(D2:D13)/AVERAGE(E2:E13)
H4   =AVERAGE(F2:F13)
H5   =SUM(E2:E13)/SUM(C2:C13)
H6   =STDEV.S(D2:D13)
H7   =NORM.S.INV(0.95)*H6*SQRT(3)
```

`D`, `E`, `F` ची सूत्रे तेराव्या ओळीपर्यंत खाली ओढा. `H2` झुकाव, `H3` ट्रॅकिंग सिग्नल, `H4` मेप, `H5` भारित टक्केवारी, `H6` चुकांचे विचलन, `H7` सेफ्टी स्टॉक. `STDEV.S` सरासरी आपोआप वजा करते, म्हणून झुकाव `H6` मध्ये येत नाही.

`H6` मध्ये मागणीचा `C` स्तंभ घालू नका. आपल्या तक्त्यात मागणीचे विचलन ५९ आहे, पण त्यातला बराच भाग हंगामाचा चढ आहे, आणि तो चढ अंदाजाने निदान अर्धामुर्धा तरी पकडला आहे. जे अंदाजाने पकडले त्यासाठी पुन्हा माल साठवायचा नसतो.

आता ऑर्डर. पुढच्या तीन आठवड्यांचा मूळ अंदाज ५२०, ५२० आणि ५६०, एकूण १६००. झुकावाची दुरुस्ती १२०, झाले १७२०. सेफ्टी स्टॉक १२०, झाले १८४०. ही कमाल पातळी. गोदामात ६९० डबे आहेत, ५६० वाटेत आहेत, दोन्ही मिळून १२५०. ऑर्डर ५९० डब्यांची. वाटेतला माल वजा करायचे विसरणे आणि द्यायचे राहिलेले डबे न मिळवणे, या दोन चुका इथे सर्रास होतात.

९५ टक्के म्हणजे शंभरातल्या ९५ फेऱ्यांत माल संपणार नाही. शंभरातले ९५ डबे देता येतील असा त्याचा अर्थ नाही. दिलेल्या डब्यांचे प्रमाण सहसा याहून बरेच वर असते, म्हणून उगाच ९९ टक्के धरू नका. त्यासाठी गुणक २.३३ होतो आणि साठा १२० वरून १७० वर जातो.

> तपासा: वर्गमूळ वापरताना आपण धरून चालतो की एका आठवड्याची चूक पुढच्या आठवड्यावर परिणाम करत नाही. ते खरे आहे का हे पाहायला एकेक आठवडा पुढे सरकत, आधी १ ते ३, मग २ ते ४, अशा लागोपाठच्या तीन-तीन आठवड्यांच्या चुकांची बेरीज घ्या आणि त्या बेरजांचे विचलन काढा. आपल्या तक्त्यात ते सुमारे ६४ येते, सूत्राप्रमाणे ४२ × १.७३२ म्हणजे ७३. इतका फरक चालतो. बेरजांचे विचलन ठळकपणे मोठे, म्हणजे १०० वगैरे आले, तर चुका साखळीने येत आहेत. तेव्हा वर्गमूळ सोडा आणि तो मोठा आकडाच गुणकाने गुणा.

## टप्पा ७: नाताळ आणि घाट

४२ डब्यांचे विचलन सरासरी ४९४ डब्यांच्या मागणीवर आलेले आहे, म्हणजे ८.५ टक्के. डिसेंबरच्या शेवटी आठवड्याचा अंदाज ८०० वर गेला तर ४२ पुरणार नाहीत. ८०० चे ८.५ टक्के म्हणजे ६८ धरा, सेफ्टी स्टॉक सुमारे १९४ होईल. विचलन मागणीइतक्या वेगाने सहसा वाढत नाही, त्यामुळे हा अंदाज थोडा सढळ आहे, आणि नाताळ ते नववर्ष या काळात तो तसाच असलेला बरा. जानेवारीच्या मध्यावर हा साठा उतरवायची तारीख आत्ताच लिहून ठेवा.

चोर्ला किंवा अनमोड घाटात पावसाळ्यात वाहतूक अडली की ट्रक उशिरा येतो. ही अनिश्चितता अंदाजातल्या चुकीत दिसत नाही, ती वेगळी मोजावी लागते. माल येण्याच्या कालावधीचे विचलन पाव आठवडा, म्हणजे जेमतेम दोन दिवस आहे असे धरा. सरासरी मागणी आठवड्याला ५७३, म्हणजे टप्पा ६ मधल्या दुरुस्त अंदाजाचे १७२० भागिले ३.

```
=NORM.S.INV(0.95)*SQRT(3*42^2+573^2*0.25^2)
```

उत्तर सुमारे २६४ डबे. १२० चे २६४ झाले, आणि त्याला अंदाजाचा काही संबंध नाही. अशा महिन्यांत मेप ९ वरून ७ टक्क्यांवर आणण्यासाठी घाम गाळण्यापेक्षा पुरवठादाराकडून ट्रक सुटण्याचा वार पक्का करून घेणे जास्त उपयोगी. गेल्या दहा-बारा ट्रकांच्या ऑर्डरच्या आणि उतरण्याच्या तारखा चलनांवर असतातच, त्यांवरून हे विचलन काढा.

## टप्पा ८: पुन्हा केव्हा मोजायचे

ट्रॅकिंग सिग्नल दर आठवड्याला बघा, सेफ्टी स्टॉक महिन्यातून एकदाच बदला. दर आठवड्याला बदलला तर प्रत्येक वाईट आठवड्यानंतर ऑर्डर उड्या मारते आणि पुरवठादारही गोंधळतो.

झुकाव दुरुस्त केल्याच्या दिवसापासून नवी चूक दुरुस्त अंदाजाशी मोजा, आणि ट्रॅकिंग सिग्नलची बेरीज शून्यापासून सुरू करा. जुनी +४८० त्यात राहू दिली तर सिग्नल पुढचे कित्येक आठवडे लालच दिसेल आणि कोणीतरी पुन्हा ४० मिळवेल. सुरुवातीचे चार-पाच आठवडे सिग्नलवर निर्णय घेऊ नका, इतक्या कमी नोंदींवर तो सहज हलतो. त्यानंतर तो −४ च्या खाली गेला, तर हंगाम उतरू लागला आहे असे समजा: आधी ४० ची भर काढा, मग विचलन नव्याने मोजा, आणि त्यानंतरच सेफ्टी स्टॉकला हात लावा.